एकतीस मार्चचा शिल्लक माल

शेठने ते काम मला दिलं तेव्हा माझ्यापेक्षा बाबाच जास्त खूश झाले. उल्हासनगरातल्या साड्यांच्या एका होलसेल दुकानात ते सव्वीस वर्षं गोडाऊन सांभाळत होते. मी अंबरनाथला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरी करायचे. दुकानाचे जुने मुनीमजी जानेवारीत काम सोडून मुलाकडे राहायला गेले, आणि मे महिन्यात शेठला बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे दुकानातल्या मालावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून हवी होती. बँकेने नफातोटा पत्रक आणि ताळेबंद मागितला. शेठ बाबांना म्हणाला, "अरे भाऊ, तुम्हारी बेटी तो यही करती है ना? बाहेर कशाला जायचं?" बाबांनी घरी येऊन ही वाक्यं मला दोनदा ऐकवली. दुसऱ्यांदा तर शेठच्या आवाजात.

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. बाबा ज्या वस्तीत वाढले तिथल्या कुणाच्या हातात तोवर कुठल्या शेठने गोडाऊनची किल्ली दिली नव्हती. ती किल्ली ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत, आणि घरी आल्यावर शर्ट काढायच्या आधी किल्ली काढून देव्हारा असावा तशा जागी, म्हणजे आमच्या टीव्हीच्या वर, ठेवत. आम्ही लहानपणी त्यावरून त्यांना खूप चिडवलं आहे.

रविवारी सकाळी बाबांनी सगळे कागद दोन पिशव्यांत भरून आणले. विक्रीची बिलबुकं, खरेदीच्या बिलांची फाइल, बँकेचं स्टेटमेंट, उधारीचं रजिस्टर, मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खर्चाच्या चिठ्ठ्या. वर स्टॉकची पानं. एकतीस मार्चला गोडाऊनमधला माल बाबांनी स्वतः, एकट्याने मोजला होता. प्रत्येक पानाखाली त्यांची गोल अक्षरातली सही.

"सगळं आणलंय ना बाबा?" मी विचारलं.

"हिशेबाचं सगळं आणलंय," ते म्हणाले.

मी कामाला लागले. खरं सांगायचं तर मला असं काम आवडतं. दुसऱ्याच्या गबाळेपणातून एक सरळ पान काढायचं, यात मला एक प्रकारचा माज येतो. चिठ्ठ्यांची चळत लावली. दुकानाचं भाडं, पगार, वीज, बँकेचं व्याज एकीकडे. शेठच्या घरचा गॅस, त्याच्या बायकोच्या डॉक्टरची फी, नातवाच्या वाढदिवसाचा केक दुसरीकडे, कारण हा दुकानाचा खर्च नव्हे, ही मालकाने घरासाठी केलेली उचल. ती नफ्यातून वजा होत नाही, भांडवलातून होते. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये भरलं होतं, ते मार्चच्याच खर्चात धरून देणं म्हणून दाखवलं. विक्री आणि खरेदीतून जीएसटी बाजूला काढला. फर्निचरचा घसारा लावला. रजिस्टरातून येणं किती आणि देणं किती ते उतरवलं. हे सगळं बाबा समोर बसून कौतुकाने बघत होते आणि मधूनच आईला सांगत होते, "बघ, कशी वेगवेगळी करतेय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी पहिला भाग मांडला. सुरुवातीचा माल चौदा लाख वीस हजार. वर्षभराची खरेदी एकसष्ट लाख ऐंशी हजार, तो माल आणायचं टेम्पोभाडं आणि हमाली चाळीस हजार. एकूण शहात्तर लाख चाळीस हजारांचा माल दुकानात आला. त्यातून एकतीस मार्चला शिल्लक राहिला आठ लाख बारा हजारांचा. म्हणजे विकला गेला अडुसष्ट लाख अठ्ठावीस हजारांचा. विक्री अठ्ठ्याहत्तर लाख. ढोबळ नफा नऊ लाख बहात्तर हजार, म्हणजे विक्रीच्या साडेबारा टक्क्यांच्या जरा आत.

मी सवयीने मागच्या वर्षीचं पत्रक काढलं. तिथे अठरा होते. त्याच्या आदल्या वर्षी अठरा. शेठ ठरलेल्या हिशेबाने विकणारा माणूस. शंभराच्या विक्रीत त्याला अठरा सुटतात, हे बाबांनी मला शाळेत असतानाच सांगितलं होतं.

साडेपाच टक्के कुठे गेले?

मी डबा तसाच बंद केला. अठरा टक्के धरून उलटा हिशेब केला, तर गोडाऊनमध्ये बारा लाख चव्वेचाळीस हजारांचा माल असायला हवा होता. चार लाख बत्तीस हजारांचा माल कमी होता. गोडाऊनची किल्ली एका माणसाकडे होती आणि मोजणीच्या पानांवर सहीही त्याच माणसाची होती.

आधी मी स्वतःला शिव्या घातल्या. कुठेतरी माझीच चूक असणार. एखादं खरेदीचं बिल दोनदा धरलं असेल, एखादं बिलबुक सुटलं असेल, मार्चअखेरीला बिल आलं आणि माल वाटेत असेल. त्या संध्याकाळी घरी येऊन सगळी बिलं पुन्हा नंबराने तपासली. एकही बिल सुटलं नव्हतं, एकही दोनदा नव्हतं. मोजणीच्या पानांची बेरीज तीनदा केली. मग उरलेला ताळेबंद मांडला, या आशेने की तो जुळणार नाही. निव्वळ नफा दोन लाख दहा हजार. सुरुवातीच्या भांडवलात तो मिळवला, शेठची तीन लाखांची उचल वजा केली, त्यात देणी आणि बँकेचं कर्ज धरलं. तेवीस लाख अठरा हजार. दुसऱ्या बाजूला माल, येणं, रोकड, दुकानाचं डिपॉझिट आणि फर्निचर. तेवीस लाख अठरा हजार.

जुळलं.

ताळेबंद जुळला की आमच्या ऑफिसात चहा मागवतात. मला मात्र ते जुळायला नको होतं. शिल्लक माल कमी धरला की नफा तेवढाच कमी होतो, नफा कमी झाला की भांडवल तेवढंच कमी होतं, आणि दुसऱ्या बाजूला मालही तेवढाच कमी असतो. दोन्ही बाजू सारख्याच खाली येतात. त्यामुळे जुळणाऱ्या ताळेबंदाने बाबांची सुटका होत नव्हती. उलट माझ्या बेरजा बरोबर आहेत, एवढंच त्याने सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तीन साड्या कमी भरल्या म्हणून शेठने काउंटरवरच्या माणसाला भर बाजारात उभं करून काढून टाकलं होतं. ते बाबांनीच घरी येऊन सांगितलं होतं. इथे तीन साड्या नव्हत्या. आणि हे शेठला सांगणारा कागद मी तयार करणार होते, सुबक टाइप करून, खाली बेरजेला दुहेरी रेघ मारून.

माझ्या डोक्यात पुढे जे आलं ते लिहायला अजूनही लाज वाटते. फेब्रुवारीत मी कात्रपला एक वन रूम किचन बुक केलं होतं. बुकिंगला दीड लाख कमी पडत होते. बाबांनी ते रोख आणून दिले. "भिशी लागली," म्हणाले. मी पुढे काही विचारलं नव्हतं. पैसे हवे असले की माणूस फार प्रश्न विचारत नाही. आता मात्र ते दीड लाख माझ्या डोक्यात बसले. कसली भिशी? कुणाची? बाबा भिशीत आहेत हे मला आधी कधी कसं कळलं नाही? मग त्या बुकिंगच्या पावतीवर माझं नाव आहे, हेही आठवलं.

मंगळवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचं कपाट उघडलं आणि पासबुक काढून चाळलं. पगार, गॅस, आईची औषधं, पगार. दीड लाख कुठेच नव्हते, ना येताना, ना जाताना. भिशी रोखीतच चालते हे मला चांगलं माहीत होतं, तरी पासबुकात ते नाहीत म्हणून मी आणखी घाबरले. ते असते तरी घाबरलेच असते. बाथरूममधलं पाणी बंद झालं तेव्हा मी चोरासारखं पासबुक परत ठेवलं.

त्यांच्याशी बोलणं अवघड झालं. ते रोज विचारायचे, "झालं का आमच्या दुकानाचं?" मी म्हणायचे, होतंय. एकदा त्यांनी विचारलं, "कुठे अडलंय का? मला विचार, मालातलं मला कळतं." मी त्यांच्यावर खेकसले, "बाबा, हे अकाउंट्सचं आहे, तुम्हाला नाही कळणार." एक साधा प्रश्न विचारायचा होता मला: माल कुठे आहे? पण मला वाटत होतं की मी विचारलं की ते खरं सांगतील, आणि ते खरं मला ऐकायचं नव्हतं.

गुरुवारी मी फाइल उघडली आणि शिल्लक मालाच्या जागी आठ लाख बाराऐवजी बारा लाख चव्वेचाळीस टाकले. एक आकडा बदलला. नफा अठरा टक्के झाला, ताळेबंद सत्तावीस लाख पन्नास हजारांवर पुन्हा जुळला. दोन मिनिटांचं काम. शेठ गोडाऊन मोजायला थोडाच जाणार होता? पण या वर्षीचा शिल्लक माल म्हणजे पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल. आज चार लाखांचा हवेतला माल लिहिला तर पुढच्या मार्चला तो पुन्हा कुणीतरी शोधणार, आणि तेव्हाही किल्ली बाबांकडेच असणार. शिवाय बँक त्या मालावर पैसे देणार. मी आकडा परत आठ लाख बारा केला. मला बाबांचा भयंकर राग आला होता.

शनिवारी पत्रक द्यायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून उल्हासनगरला गेले. शेठ घरी जेवायला गेला होता. बाबा गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत डबा खात बसले होते. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली आणि चपातीचा तुकडा पुढे केला.

मी उभीच राहिले. चार दिवस घोकलेली वाक्यं सगळी विसरले. म्हणाले, "बाबा, तुम्ही इथून काही घेतलं असेल तर आत्ताच सांगा. मी काहीतरी करते. पण मला सांगा."

त्यांचा हात तोंडाशी थांबला. घास त्यांनी परत डब्यात ठेवला.

"किती कमी आहे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"चार लाख बत्तीस हजार."

ते उठले. नळावर हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं. मग शेठच्या गादीखालून लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही काढून आणली आणि माझ्या हातात दिली.

"हे धरलंस का?"

"हे काय आहे?"

"जांगड."

मी ऑफिसात पाच वर्षं काढली होती, पण आमच्या ऑफिसात येणारे व्यापारी केमिकलचे, फर्निचरचे. साडीच्या धंद्यातली ही रीत मला माहीत नव्हती. मार्चच्या मध्यापासून, लग्नसराईच्या आधी, शेठ बदलापूर-अंबरनाथच्या छोट्या दुकानदारांना साड्या नुसत्या ठेवायला देतो. चामटोलीची एक बाई घरातून साड्या विकते, तिलाही. विकल्या तर बिल, नाही विकल्या तर माल परत. तोवर ती विक्री नाही. माल दुकानदाराकडे असतो पण असतो शेठचाच. सोबत मालाची यादी असलेलं चलन जातं, आणि नोंद या वहीत होते: तारीख, नग, भाव, नेणाऱ्याची सही. परत आलेल्या मालावर बाबा आडवी रेघ मारून तारीख घालत.

"तुम्ही ही वही मला दिली का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हिशेबाचं सगळं आणलं होतं. जांगड हिशेबात कुठे असते? ना विकलेलं, ना घेतलेलं. बिल झालं की हिशेब." ते थांबले. "मोजणी गोडाऊनची करायची म्हणून शेठने सांगितलं होतं, ती केली. मुनीमजी दर वर्षी ही वही स्वतः मागून घ्यायचे. काय करायचे ते मला काय ठाऊक."

मुनीमजी काय करायचे ते मला एका क्षणात कळलं. ते जांगडीतला माल शिल्लक मालात मिळवायचे आणि पत्रकावर एकच ओळ लिहायचे. मागच्या वर्षीच्या चौदा लाख वीस हजारांत तो होता. या वर्षी मागायला मुनीमजी नव्हते, आणि मी अकाउंट्सचं तुम्हाला कळत नाही म्हणून बापाचं तोंड बंद केलं होतं.

मी तिथेच गठ्ठ्यावर बसले आणि बेरीज करायला घेतली. एकतीस मार्चपर्यंत गेलेला आणि त्या दिवसापर्यंत परत न आलेला, बिलही न झालेला माल तेवढा धरला. पाच लाख वीस हजार. आता आकडा जास्त येत होता. मग ध्यानात आलं की वहीत विक्रीचे भाव आहेत आणि शिल्लक माल खरेदीच्या भावाने धरायचा असतो. अठरा टक्के काढले. चार लाख सव्वीस हजार चारशे. शिल्लक माल बारा लाख अडतीस हजार चारशे, ढोबळ नफा अठराला अगदी थोडा कमी. एवढा फरक तर भाव करताना, सूट देतानाच पडतो. निव्वळ नफा सहा लाख छत्तीस हजार चारशे.

मला रडू यायला लागलं. "जुळलं बाबा," मी म्हणाले. "सगळं जुळलं."

"थांब," ते म्हणाले. "वही माझ्या हातची आहे. सगळ्यांना फोन लाव आणि विचार."

"कशाला? सह्या आहेत ना."

"सह्या मीपण करू शकतो. लाव फोन."

त्यांनी मला वहीतल्या अकराही जणांचे नंबर वाचून दाखवले. मी लावले. एकेका दुकानदाराने आपापल्या चलनावरचा आकडा सांगितला, आणि ज्यांच्या साड्या एप्रिलमध्ये विकल्या गेल्या त्यांची बिलं मी एप्रिलच्या बुकात काढून बघितली. चामटोलीच्या बाईने तर दोन साड्यांचे रंगही सांगितले. प्रत्येक फोननंतर बाबा वहीत त्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायचे. अकराव्या खुणेनंतर त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाजी तशीच होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी मला आपणहून सांगितलं की भिशी दुकानाच्या गल्लीतल्या हमाल आणि मापाड्यांची आहे, दरमहा पाच हजार, तीस माणसं, आणि फेब्रुवारीची चिठ्ठी त्यांची निघाली. मी भिशीबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. पासबुक मी जागेवर बरोबर ठेवलं नसावं, किंवा त्यांना पासबुकाची गरज पडली नसेल माझा चेहरा वाचायला.

शनिवारी पत्रक शेठसमोर ठेवलं. बाबा दारापाशी उभे होते. शेठने चष्मा चढवला, थेट निव्वळ नफ्यावर बोट ठेवलं, मग दोन्ही बेरजा बघितल्या, सत्तावीस लाख चव्वेचाळीस हजार चारशे दोन्हीकडे. "बराबर है. बहुत अच्छा बनाया, बेटा." मला पाच हजारांचं पाकीट दिलं.

तेव्हा बाबा पुढे आले. "शेठ, एक बोलायचं होतं. पुढल्या वर्षीपासून मोजणीला माझ्यासोबत हिला बसवा. दोघांच्या सह्या असू देत."

शेठ हसायलाच लागला. "क्यों? सव्वीस वर्षं झाली, मी कधी तुझं गोडाऊन मोजलं? तीन साडीवाला तो आदमी अलग था. तू तर घरचा आहेस. मुझे तो कभी शक नहीं आया."

"तुम्हाला नाही आला, शेठ," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "तरी असू द्या."

तेव्हापासून दर एकतीस मार्चला मी गोडाऊनमध्ये जाते. बाबा गठ्ठे मोजून आकडा सांगतात, मी लिहिते. शेवटी जांगडवही ते न मागता पुढे करतात. आमचं बोलणं नीट असतं, थट्टामस्करीही होते, फ्लॅटच्या हप्त्यांची चौकशी करतात. फक्त पान पूर्ण झालं की ते पेन आधी माझ्या हातात देतात. म्हणतात, "तू बघून घे, तू सही कर. मग मी करतो."

मी एकदा म्हटलं, "बाबा, राहू द्या ना आता. तुमची सही पुरे आहे."

"नाही," ते म्हणाले. "तुला खात्री झाली पाहिजे."